रूट कॅनाल आणि कॅप: फोनवरच्या आकड्यापासून खऱ्या खर्चापर्यंत

विक्रोळीचे एक गृहस्थ गेल्या वर्षी माझ्याकडे आले. वय अडतीस, एका गोदामात सुपरवायझर. तीन रात्री डाव्या बाजूची वरची दाढ ठणकत होती. खिशातून त्यांनी एक चिठ्ठी काढली. तीन दवाखान्यांत फोन करून विचारलेले आकडे त्यावर लिहिले होते: साडेचार हजार, साडेसहा हजार, पंधरा हजार. ते म्हणाले, "मॅडम, काम एकच, मग दरात एवढा फरक का? आणि मला शेवटी किती लागणार ते खरं खरं सांगा."

त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यातच आहे. फोनवर मिळणारा आकडा बहुतेक वेळा फक्त नस काढून मुळांतल्या नळ्या भरण्याचा असतो. त्यात वरची भरणी धरलेली नसते, कॅप नसते, सहा महिन्यांनी काढायचा एक्स-रे नसतो, आणि दाढ पुन्हा उघडावी लागली तर काय, हे तर कुणी बोलतच नाही. मी उपनगरात दवाखाना चालवते आणि असा हिशेब रोज कागदावर मांडून देते. इथे तो वरच्या पहिल्या मोठ्या दाढेसाठी मांडते, कारण अंदाज सर्वांत जास्त चुकतो तो हिच्याच बाबतीत. खालचे दर आमच्या भागातल्या साध्या, स्वच्छ दवाखान्यांचे आहेत. वांद्रे किंवा दक्षिण मुंबईत ते सहज दीडपट-दुप्पट होतात. मात्र हिशेबाची रीत बदलत नाही.

आधी दाढ वाचणार का ते बघा

पैसे मोजण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी लागते: कीड काढून टाकल्यावर हिरडीच्या वर दाताची भिंत किती उरते? कॅपला पकड मिळायला चारही बाजूंनी दीड ते दोन मिलिमीटर घट्ट दात लागतो. तेवढा नसेल तर नळ्या कितीही सुंदर भरल्या तरी कॅप निघत राहते, किंवा दातच मुळाशी तुटतो. कधी हिरडी थोडी खाली घेऊन दात उघडा करता येतो. तो खर्च वेगळा, आणि प्रत्येक दाढेत तो करून फायदा होतोच असं नाही. दाढ उभी चिरलेली असेल, म्हणजे चीर मुळापर्यंत गेली असेल, तर रूट कॅनालवर एक रुपयाही घालू नये.

म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, "कीड काढल्यावर कॅपपुरता दात उरेल का?" एक्स-रे बघून काही दाढांबद्दल तिथल्या तिथे उत्तर देता येतं. काहींबद्दल डॉक्टर म्हणतील, "उघडल्यावर सांगते." हेही प्रामाणिक उत्तर आहे. फक्त उघडल्यावर दाढ ठेवण्याजोगी निघाली नाही, तर त्या दिवसाचे किती पैसे द्यायचे हे आधीच ठरवून घ्या.

विक्रोळीच्या गृहस्थांच्या दाढेत जुनी चांदीची भरणी होती आणि तिच्याखाली कीड पसरली होती. बाहेरच्या भिंती मात्र शाबूत होत्या. एक्स-रेमध्ये एका मुळाच्या टोकाशी मसुराच्या दाण्याएवढी काळसर सावली दिसत होती. म्हणजे संसर्ग मुळातून बाहेर पडून हाडाला लागला होता. ही सावली लक्षात ठेवा, पुढच्या हिशेबात ती पुन्हा येणार आहे.

कॅप बसेपर्यंतचा खर्च

त्यांना मी कागदावर लिहून दिलं ते असं:

- तपासणी आणि पहिला एक्स-रे: ७००
- रूट कॅनाल, मधले आणि शेवटचा एक्स-रे धरून: ९,०००
- औषधं: ४००
- कॅपखालची पक्की भरणी, जिला आम्ही कोअर म्हणतो: १,८००
- कॅप, आतून धातू आणि वरून सिरॅमिक: ६,०००
- सहा महिन्यांनी आणि वर्षाने तपासणी व एक्स-रे: १,०००

बेरीज १८,९०० रुपये. कॅप झिरकोनियाची घेतली असती तर तिचे ११,००० धरून बेरीज २३,९०० झाली असती.

यातल्या दोन ओळी लोक हमखास विसरतात. एक कोअरची. नळ्या भरून झाल्या की दाढेच्या मध्यभागी मोठा खड्डा राहतो. तो तात्पुरत्या पांढऱ्या सिमेंटने बुजवून घरी पाठवतात. हे सिमेंट थोड्या आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजलं की लाळ आत झिरपते आणि साफ केलेल्या नळ्यांत जंतू पुन्हा जातात. म्हणून पक्की भरणी लागतेच. काही डॉक्टर ती रूट कॅनालच्या फीमध्ये धरतात, काही वेगळी लावतात. दोन ठिकाणच्या दरांची तुलना करण्याआधी एवढं विचारून घ्या.

दुसरी ओळ एक्स-रेची. वरच्या दाढेला निदान तीन लागतात: सुरुवातीचा, नळीची लांबी किंवा भरणीचा अंदाज घेताना एक, आणि काम संपल्यावर एक. प्रत्येकाचे तीनशे रुपये वेगळे लावले तर साडेसहा हजारांचे साडेसात हजार व्हायला वेळ लागत नाही. बिलावर उपचाराच्या रकमेत जीएसटी मिळवलेला दिसला तर हरकत घ्या. वैद्यकीय उपचारांच्या सेवेवर तो माफ आहे, आणि दुखऱ्या दाढेचं रूट कॅनाल हा सौंदर्योपचार नाही.

कॅपच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. मागच्या वरच्या दाढेला धातू-सिरॅमिकची चांगली कॅप पुरते. तिथे दातावरचा प्रकाश कुणी बघत नाही. झिरकोनिया दिसायला छान आणि मजबूतही असते. पण पाच हजार जास्त द्यायचे की नाही, हे आपल्या खिशाकडे बघून ठरवा, पंधरा वर्षांच्या वॉरंटी कार्डाकडे बघून नव्हे. ते कार्ड कॅप बनवणाऱ्या लॅबचं असतं. कॅप तडकली तर लॅब नवी कॅप देते, पण खालचा दात किडला किंवा नळीत संसर्ग परतला तर कार्डाचा उपयोग नाही. नवी कॅप बसवण्याची डॉक्टरांची फी त्यात धरली आहे का, तेही तिथेच विचारा.

खेपा मोजा, त्याही पैसेच खातात

त्यांना सात खेपा लागणार होत्या. पहिल्या दिवशी दाढ उघडून ठणका शांत करायचा आणि नळ्यांत औषध ठेवायचं. सावली असल्यामुळे मी एकाच सिटिंगमध्ये संपवायला तयार नव्हते. दुसऱ्या खेपेला नळ्या भरायच्या. तिसऱ्या खेपेला कोअर घालून, दाढ घासून कॅपचं माप घ्यायचं. चौथ्या खेपेला कॅप लावून बघायची, चावा जुळवायचा आणि सिमेंटने बसवायची. आठवड्याभराने चावा पुन्हा एकदा तपासायचा, त्याचे पैसे नाहीत. मग सहा महिन्यांनी एक खेप आणि वर्षाने एक.

ट्रेन आणि रिक्षा मिळून खेपेला १२० रुपये धरले तर सात खेपांचे ८४० होतात. सातपैकी तीन खेपा कामाच्या वेळेत पडणार होत्या. त्यांचा अर्धा दिवस साधारण ६०० रुपयांचा, म्हणजे १,८००. असे २,६४० रुपये आणखी मिळवले की धातू-सिरॅमिक कॅपसह आकडा २१,५४० वर पोहोचला.

पालिकेच्या नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात, मुंबई सेंट्रलला, किंवा सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात हेच काम खाजगीच्या मानाने अगदी थोड्या पैशांत होतं. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, आणि ते काम मन लावून केलेलं असतं. पण रांग असते, सिटिंग लांबतात, सात खेपांच्या दहा होऊ शकतात, आणि कॅपच्या लॅबचा खर्च वेगळा भरावा लागू शकतो. रोजंदारीवर काम करणाऱ्याने तिथला हिशेब बुडालेल्या मजुरीसकट करावा. निवृत्त माणसाला किंवा विद्यार्थ्याला मात्र मी डोळे झाकून तिथे पाठवते.

पुन्हा उघडण्याची शक्यता किती?

"रूट कॅनाल फेल जातं का हो?" या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरं आहेत. दोन्ही खरी असल्यामुळेच लोकांचा गोंधळ होतो.

अमेरिकेत २००४ साली दंतविम्याच्या नोंदींवरून १४ लाखांहून अधिक दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रूट कॅनालनंतर ८ वर्षांनीही ९७ टक्के दात तोंडात होते. पुन्हा उपचार, मुळाच्या टोकाची शस्त्रक्रिया किंवा दात काढणं अशी वेळ साधारण ३ टक्क्यांवर आली होती, आणि तीही बहुतेक पहिल्या तीन वर्षांत. दुसरीकडे, एक्स-रेवर सावली पूर्णपणे भरून येणं हीच यशाची कसोटी धरणाऱ्या अभ्यासांत आकडा खाली येतो, साधारण ६८ ते ८५ टक्के. याचं कारण असं की सावली थोडी उरलेली असली तरी दाढ न दुखता वर्षानुवर्षं चालते, आणि अशी प्रत्येक दाढ कुणी उघडत नाही.

खिशाच्या हिशेबाला दोन्हींच्या मधला आकडा लागतो. माझ्या अनुभवावरून मी असे धरते: सुरुवातीला सावली नसेल, काम नीट झालं असेल आणि कॅप वेळेत बसली असेल तर शंभरात पाच दाढा पुन्हा उघडाव्या लागतील. सावली असेल तर दहा. सावली आहे, रबर डॅम, म्हणजे लाळ दूर ठेवायला दाताभोवती ताणून लावायचा रबरी पडदा, न लावता काम झालं आहे किंवा कॅप लांबली आहे, तर पंधरा. हे काही शास्त्रीय निष्कर्ष नाहीत, अंदाजपत्रकासाठी धरलेले आकडे आहेत. हिशेब त्यावर मांडता येतो एवढंच.

वरच्या पहिल्या दाढेचं काम बिघडण्यामागे एक कारण पुन्हा पुन्हा दिसतं. तिला मुळं तीन असतात, पण गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेकदा दोन नळ्या असतात. ही चौथी नळी पहिलीपासून टाळूच्या बाजूला जेमतेम दोन-तीन मिलिमीटरवर असते आणि तिच्या तोंडावर दाताचाच एक कठीण ओठ आलेला असतो.

काही वर्षांपूर्वी मीच भरलेली एक दाढ हिरडीवर पुटकुळी घेऊन परत आली. दाबलं की पू यायचा. मी ती रूट कॅनाल तज्ज्ञ मैत्रिणीकडे पाठवली आणि काम बघायला स्वतः गेले. तिने कॅपला भोक पाडलं, जुनी गुलाबी भरणी काढली आणि मायक्रोस्कोपखाली बारीक टोकाने तो ओठ खरवडला. खाली सुईने टोचल्यासारखा एक गडद ठिपका दिसला. त्यात तिने दहा नंबरची फाइल, म्हणजे टोकाला एक दशांश मिलिमीटर जाडीची, हलकेच फिरवली. फाइल आत शिरली आणि कुजका वास आला. ही नळी माझ्याकडून राहिली होती. मैत्रिणीची फी मी भरली, पण त्या बाईंचा स्कॅनचा खर्च आणि रजा गेलीच. तेव्हापासून या दाढेच्या अंदाजपत्रकात पुन्हा उघडण्याची ओळ घातल्याशिवाय मी कागद देत नाही.

पुन्हा उघडायची वेळ आली तर

तज्ज्ञांकडे पुन्हा रूट कॅनाल करायला साधारण १४,००० आणि त्या भागाच्या त्रिमितीय स्कॅनला, म्हणजे सीबीसीटीला, २,५००. त्यानंतर दोन वाटा असतात. कॅप चांगली बसलेली असेल तर तिला भोक पाडून आतून काम करतात आणि भोक १,५०० रुपयांत बुजवतात. तेव्हा एकूण १८,०००. कॅप सैल असेल किंवा खाली कीड असेल तर ती कापून काढावी लागते. मग कोअरचे १,८०० आणि नव्या कॅपचे ६,००० धरून २४,३०० होतात. चार खेपा आणि दोन अर्धे दिवस मिळून आणखी १,६८०. म्हणजे साधारण २० ते २६ हजार. पहिल्या वेळेच्या जवळपास किंवा त्याहून जास्त खर्च, आणि तोही आधीचं बिल भरून झाल्यावर.

त्या गृहस्थांच्या दाढेला सावली होती, म्हणून शंभरात दहा. २६,००० चे दहा टक्के म्हणजे २,६००. हे २१,५४० मध्ये मिळवले की २४,१४० होतात. या दाढेची खरी किंमत मी एवढी धरते. अर्थात २,६०० कुणालाच भरावे लागत नाहीत. कुणाला शून्य, तर कुणाला २६,००० लागतात. मग हा आकडा कशाला काढायचा? दोन दवाखान्यांचे दर शेजारी ठेवून बघायला.

त्यांच्याकडे साडेसहा हजारांचा दर होता. तिथे रबर डॅम लावत नाहीत आणि चौथी नळी शोधतात का, याचं उत्तर फोनवर मिळालं नाही. माझे नऊ हजार. फरक अडीच हजारांचा. त्या फरकाने शक्यता पंधरावरून दहावर आली असं धरलं, तर पाच टक्के, म्हणजे १,३०० रुपये वाचतात. नुसत्या रुपयांत हा सौदा तोट्याचा आहे, हे मी त्यांना सांगितलं. पण पुन्हा केलेलं कामही टिकलं नाही तर दाढ जाते, आणि तिच्या जागी कॅपसह इम्प्लांट बसवायला आज ३५ ते ५० हजार लागतात. त्याची थोडी शक्यता धरली की अंतर कमी होतं. उरलेल्यासाठी आपण स्वतःचा दात राखण्याची किंमत मोजतो. पंधरा हजारांच्या दराबद्दल मी म्हटलं, पहिल्यांदाच उघडायच्या सरळ मुळांच्या दाढेला एवढी गरज नाही. मुळं वाकडी असती, नळ्या आकसलेल्या असत्या किंवा दाढ आधी कुणी उघडलेली असती, तर मीच त्यांना तज्ज्ञांकडे पाठवलं असतं. पुढच्या एका नळीच्या दाताला तर साडेचार हजारांत उत्तम काम होतं, आणि दात बराचसा शाबूत असेल तर कॅपही लागत नाही.

पैसे वाया जातात ते कॅप लांबवल्याने

नळ्या भरल्या की ठणका थांबतो. मग माणूस कॅपचे पैसे पुढच्या महिन्यावर टाकतो, मग गणपती येतात, मग दिवाळी. माझ्याकडच्या एका शिक्षिका नऊ महिन्यांनी आल्या. चकली खाताना दाढेचा कडकन आवाज झाला होता. आरशाने बघितलं तर दाढ मधोमध दुभंगलेली, एक अर्धा भाग हलतोय, आणि चीर हिरडीखाली गेलेली. नळ्या अगदी व्यवस्थित भरलेल्या होत्या, पण दाढ काढावी लागली. वर सांगितलेल्या अभ्यासातही काढाव्या लागलेल्या दातांपैकी ८५ टक्क्यांवर पूर्ण कॅप नव्हती. मागच्या दाढेला कॅप महिन्याभरात बसवा. पैसे तुटपुंजे असतील तर पक्की भरणी तरी लगेच करून घ्या आणि कॅप साधी घ्या. पूर्ण धातूची कॅप तीन हजारांच्या आसपास मिळते, आणि वरच्या दाढेवर ती दिसतही नाही.

काम सुरू करण्याआधी कागदावर

तोंडी बोलणं दोघांनाही आठवत नाही. म्हणून एका कागदावर एवढं लिहून घ्या: फीमध्ये किती एक्स-रे आणि किती सिटिंग धरली आहेत, कोअर आत की वेगळा, कॅप कशाची, चावा जुळवायला पुन्हा यावं लागलं तर पैसे लागतील का, आणि वर्षाच्या आत दाढ पुन्हा उघडावी लागली तर फी कोण देणार. या शेवटच्या प्रश्नावर डॉक्टर रागावले तर वाईट वाटून घेऊ नका, पण उत्तर घेतल्याशिवाय उठूही नका. मी स्वतः लिहून देते: माझ्याकडे वर्षाच्या आत पुन्हा उघडावी लागली तर माझी फी नाही, तज्ज्ञांची आणि स्कॅनची मात्र तुमची. कुणी निम्मी फी घेईल, कुणी पूर्ण घेईल. जे असेल ते आधी कळलेलं बरं.

नेहमीच्या आरोग्य विम्यात हा खर्च सहसा धरलेला नसतो, अपघातात दात दुखावला असेल तर गोष्ट वेगळी. नोकरीच्या ठिकाणच्या गट विम्यात ओपीडीचा भाग असेल तर त्यातून कधी थोडे पैसे मिळतात. त्यासाठी बिलावर दाताचा क्रमांक आणि प्रत्येक कामाची वेगळी ओळ हवी.

वर्षभर काय बघायचं

नळ्या भरल्यावर तीन-चार दिवस चावताना दुखणं साहजिक आहे. आठवड्यानंतरही दाढ टेकताच कळ येत असेल, तर भरणी किंवा कॅप उंच आहे का ते बघून घ्या. ती घासून कमी करायला दोन मिनिटं लागतात. गालावर सूज, ताप किंवा तोंड उघडायला त्रास असेल तर त्याच दिवशी या. महिन्यांनी हिरडीवर पुटकुळी उठली, ती फुटून पुन्हा भरू लागली, तर दुखत नसलं तरी ती दाढ तपासायची आहे असं समजा. दुखत नाही म्हणून अशी पुटकुळी वर्षभर सांभाळणारे पुष्कळ भेटतात, आणि तेवढ्या काळात आतलं हाड जात राहतं.

सहा महिन्यांच्या एक्स-रेमध्ये सावली तेवढीच दिसली तर घाबरून उघडायला लावू नका. हाड सावकाश भरतं. वर्षाने ती लहान झालेली दिसायला हवी, आणि लहान होत असेल तर चार वर्षांपर्यंत वाट बघता येते. ती मोठी झाली किंवा नवी उगवली, तर मात्र तज्ज्ञांकडे. म्हणून नळ्या भरल्या त्या दिवशीच्या एक्स-रेची प्रत आपल्याकडे ठेवा. दवाखाना बदलला तरी तुलना त्याच्याशीच होणार असते. पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही, फाइलच मागून घ्या.

विक्रोळीच्या गृहस्थांचा वर्षाचा एक्स-रे जूनमध्ये काढला. मसुराच्या दाण्याची जागा आता मोहरीएवढी उरली आहे. आतापर्यंत त्यांचे खेपांसकट २१,७८० रुपये लागले, अंदाजापेक्षा २४० जास्त. एकदा मुसळधार पावसात ट्रेन बंद पडल्या आणि त्यांची चावा तपासायची एक खेप फुकट गेली, दोन्ही वेळा रिक्षा करावी लागली. पुढचा एक्स-रे पुढच्या जूनमध्ये आहे, त्याचे ५०० त्यांनी आपल्या वहीत आत्ताच लिहून ठेवले आहेत.